सोयाबीनचा भाव समतोलावर ‘येऊन थांबतो’ हे खरं मानायचं का?

एम.ए. भाग दोन, लातूर:
पुस्तकात लिहिलंय की मागणी पुरवठ्याहून जास्त असली की भाव त्या फरकाच्या प्रमाणात वाढतो, कमी असली की उतरतो, आणि शेवटी समतोल भावावर स्थिरावतो. dp/dt = k(D − S), एवढंच सूत्र: p भाव, t वेळ, D मागणी, S पुरवठा, आणि k म्हणजे तुटीमागे भाव किती हलतो तो आकडा. आमच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव मला तर कुठे थांबताना दिसला नाही. सूत्र चुकीचं आहे की बाजार?

नांदेडचा मास्तर:
सूत्र भाव थांबेलच असं म्हणत नाही. कोणत्या अटीवर थांबेल तेवढं सांगतं. वर्गात घाई झाली की नेमकी ती अटच शिकवायची राहून जाते, म्हणून इथं सावकाश मांडतो.

आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. एका बाजारात ४५०० रुपये क्विंटलला रोजची आवक ३००० क्विंटल आणि मागणीही ३००० क्विंटल. भाव शंभराने वाढला की मागणी ६० क्विंटलने घटते आणि आवक ४० क्विंटलने वाढते. आता बाजार ४२०० ला उघडला असं धरा. मागणी ३१८०, आवक २८८०, म्हणजे तूट ३०० क्विंटलची. दर क्विंटल तुटीमागे भाव अर्धा रुपया वाढत असेल, तर दुसऱ्या दिवशी भाव ४३५०. तूट १५० वर आली, म्हणून तिसऱ्या दिवशी ४४२५. रोज निम्मं अंतर कापलं जातं आणि भाव शांतपणे ४५०० जवळ जातो. पुस्तकातलं चित्र हेच.

आता बाकी सगळं तेच ठेवून व्यापारी जास्त उतावळे आहेत असं धरा. क्विंटलमागे अर्ध्याऐवजी दोन रुपये. ३०० ची तूट बघून भाव सहाशेने उडाला, ४८०० झाला. तिथे ३०० क्विंटल माल उरला, भाव पुन्हा ४२०० वर आला. हे असंच रोज चालू राहील. अडीच रुपये धरले तर ४२०० वरून ४९५०, तिथून ३८२५, तिथून साडेपाच हजारांच्या वर. मागणी तीच, आवक तीच, समतोलही तोच ४५००, पण भाव दर फेरीला त्याच्यापासून आणखी लांब फेकला जातो.

भाव क्षणोक्षणी हलतो असं मानलं तर ही अडचण येत नाही, कारण चूक लगेच सुधारते. दिवसाला एकदाच भाव निघत असेल तर येते. तुम्ही लिहिलेल्या dp/dt मध्ये ‘क्षणोक्षणी’ हे गृहीतक लपलेलं आहे.

मोंढ्यातला मुनीम:
सर, हिशेब बरोबर आहे, पण हा बाजार मी एकवीस वर्षांत पाहिलेला नाही. आडतीवर बसून तूट किती आहे हे कोणाला दिसतं? सकाळी पोटलीचा, म्हणजे दिवसाचा पहिला भाव निघतो तेव्हा निम्म्या गाड्या अजून रस्त्यात असतात. सौद्यात भाव वेगळा पडतो. आणि ४२०० ला ज्यांचा सौदा झाला ते माल देऊन घरी गेले, ते दुसऱ्या दिवशी ४३५० ला परत कसे येतील? तुमच्या गणितात रोज तेवढेच विकणारे आणि तेवढेच घेणारे नव्याने उभे राहतात.

नांदेडचा मास्तर:
हा आक्षेप खरा आहे, आणि जुना आहे. लिऑं वालरासने १८७४ मध्ये हा विचार मांडला तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर पॅरिससारखा शेअरबाजार होता, जिथे भाव पुकारला जातो. चुकीच्या भावाला सौदा होतच नाही, जुळेपर्यंत फक्त पुकारा चालतो, असं त्यात धरलेलं आहे. पॉल सॅम्युअलसनने १९४१ मध्ये त्याला काळानुसार बदलणाऱ्या समीकरणाचं रूप दिलं, तरी ते गृहीतक मागे राहिलंच. मोंढ्यात मधल्या भावाला सौदे होतात हे मला मान्य. त्यामुळे मुक्कामाचं ठिकाणच सरकू शकतं.

कृषी पदवीधर, परभणी:
एवढं लांब जायची गरज नाही. तुरीचं उदाहरण घ्या. २०१५ ला डाळ दोनशे रुपये किलोच्या आसपास गेली, पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, आणि २०१७ ला हमीभाव ५०५० असताना बाजारात त्याखाली विकावी लागली. म्हणजे पुरवठा भावाला मागणीपेक्षा जास्त प्रतिसाद देत असेल तर समतोल अस्थिर. सोयाबीनचंही हेच आहे.

नांदेडचा मास्तर:
तुरीचं निरीक्षण बरोबर, पण ती यंत्रणा वेगळी आहे. तिथे शेतकरी गेल्या वर्षीच्या भावावर पेरा ठरवतो आणि माल आला की भाव एका झटक्यात जुळतो. म्हणून तिथे पुरवठ्याचा आणि मागणीचा उतार, म्हणजे भाव बदलला की ते किती हलतात, यांची तुलना करावी लागते. इथल्या प्रश्नात पेरा होऊन गेलेला आहे, घरात पोती आहेत, आणि भाव तुटीमागे हळूहळू चालतो. इथे दोन्ही उतारांची बेरीज महत्त्वाची. माझ्या उदाहरणात ६० अधिक ४०. पुरवठा जास्त प्रतिसाद देत असेल तर तुमच्या उदाहरणात बाजार बिघडतो. माझ्या उदाहरणात त्याच कारणाने भाव जास्त वेगाने समतोलाकडे येतो, फक्त व्यापाऱ्याचा उतावळेपणा फार नसला पाहिजे.

औशाची शेतकरीण:
सर, तुमच्यात एक गोष्ट चुकतीय. भाव वाढला की आवक वाढते म्हणता. आमच्याकडं उलटं होतं. २०२४ च्या दिवाळीआधी मला साठ हजार लागत होते. हरभऱ्याचं बी, खत, आन् लेकीच्या होस्टेलची फी. हमीभाव ४८९२ होता, पण केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता, आन् माल तर पावसात भिजलेला. नंतर १५ टक्के केलं, तोवर मी बाजारात विकून बसले हुते. ४८०० मिळाले असते तर साडेबारा क्विंटलमध्ये काम भागलं असतं. ४००० नं पंधरा क्विंटल घालावं लागलं. भाव पडला म्हणून मी जास्त विकलं. गावात निम्मी घरं अशीच.

नांदेडचा मास्तर:
ताई, या चर्चेतलं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही सांगितलंत. तुमच्यासारखी घरं बाजारात जास्त असतील तर आवकेचा उतार उलटा होतो. माझ्याच आकड्यांत बदल करतो.

भाव शंभराने उतरला की आवक ४० क्विंटलने वाढते असं धरू. ४२०० ला मागणी ३१८०, आवक ३१२०. तूट आता फक्त ६० ची. अर्ध्या रुपयाच्या वेगाने भाव तीसच रुपये चढेल. आधी रोज निम्मं अंतर कापलं जात होतं, आता दहावा हिस्सा. निम्म्यावर यायलाच आठवडा जाईल. समतोल स्थिर आहे, पण इतका मंद की पडलेला भाव पडलेलाच आहे असं शेतकऱ्याला वाटावं, आणि दिवाळी तर त्याच्या आतच येते.

पण भाव शंभराने उतरल्यावर आवक ८० ने वाढत असेल तर ४२०० ला मागणी ३१८० आणि आवक ३२४०. भाव समतोलाच्या खाली आहे, तरी माल ६० क्विंटल जास्तच आहे. भाव आणखी उतरतो, त्यामुळे आणखी माल येतो. इथे व्यापारी कितीही संयमी असला तरी उपयोग नाही. घसरणीत मागणी जेवढी वाढते त्याहून आवक जास्त वाढते, आणि तोल तिथेच जातो. ही घसरण थांबते ती गरजा भागल्यावर, किंवा पोती संपल्यावर, किंवा कोणीतरी बाहेरून खरेदीला उतरल्यावर. हमीभावाची खरेदी वेळेवर होणं मला यासाठी गरजेचं वाटतं. डिसेंबरात आलेली खरेदी ऑक्टोबरची घसरण थांबवत नाही.

गंगाखेडकर:
माझ्याकडे अजून तीस कट्टे आहेत. सरळ सांगा, आता विकावं का ठेवावं?

नांदेडचा मास्तर:
भाऊ, त्याचं उत्तर यातून निघत नाही, आणि मी दिलं तर ती फसवणूक होईल. भाव समतोलाकडे परत येईल का एवढंच हे गणित सांगतं. समतोल स्वतः कुठे आहे ते बाहेर ठरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये ते १० वर आणलं. अशा निर्णयाने मुक्कामच हलतो. आणि मुक्काम स्थिर असला म्हणजे तुमचा खर्च त्यात निघतो असं अजिबात नाही.

मोंढ्यातला मुनीम:
ताईंचं मला पटलं, ऑक्टोबरात तसंच होतं. पण जानेवारीनंतर बाजारात येणारा शेतकरी वेगळा असतो. ज्याला थांबणं परवडतं तोच उरलेला असतो. भाव पडला की तो गाडी भरतच नाही. म्हणजे एकाच हंगामात उतार दोन तऱ्हेचा.

दुसरं, गिरणीवाला आजची आवक बघून भाव काढत नाही. गोदामात किती दिवसांचा माल आहे ते बघतो. तुमचं सूत्र मूळातच चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवतं.

नांदेडचा मास्तर:
पहिला मुद्दा पूर्ण मान्य. दुसऱ्याने तर चित्रच बदलतं. भाव फक्त साठ्याकडे बघून हलत असेल तर काय होईल ते बघा. समजा भाव ४५०० च्या वर आहे. आवक उचलीपेक्षा जास्त, गोदाम भरतंय, म्हणून भाव उतरतोय. तो ४५०० वर पोचतो त्याच दिवशी गोदाम सगळ्यात जास्त भरलेलं असतं. मग तो तिथे थांबेल कसा? सरळ खाली जातो. गोदाम रिकामं होत जातं, भाव वळतो, आणि पुन्हा ४५०० ओलांडून वर जातो. असे हेलकावे आपोआप मिटत नाहीत. गिरणीवाला साठा आणि आजची तूट दोन्ही बघत असेल तरच ते हळूहळू लहान होतात.

कोणाचं खरं हे मोंढ्यात तपासता येईल. ज्या दिवशी आवक आणि उचल सारखी झाली त्या दिवशी भाव जागेवर राहिला तर माझं सूत्र बरोबर. त्या दिवशीही भाव सरकत असेल तर तुमचा साठा.

मोंढ्यातला मुनीम:
माझ्या डोळ्यांनी सांगायचं तर सरकतो. पण दाखवू कसा? आवक रोज लिहिली जाते. गिरणीला किती हवं होतं हे कुठेच लिहिलं जात नाही. जेवढं विकलं तेवढंच वहीत येतं. माल उरला तर शेडमधल्या शिल्लक ढिगावरून कळतं. तूट झाली तर काहीच मागे राहत नाही, खरेदीदाराची रिकामी गाडी परत जाते.

एम.ए. भाग दोन, लातूर:
सर, मग मी रोजचा भाव आणि रोजची आवक आलेखावर मांडून उतार काढला तर? भाव कमी तिथे आवक जास्त असं दिसलं तर ताईंचं सिद्ध होईल ना?

नांदेडचा मास्तर:
नाही, तिथे फसाल. ऑक्टोबरात नवा माल आला की आवक वाढते आणि त्यामुळे भाव उतरतो. आलेख तसाच दिसेल, कोणी गरजेपोटी जास्त विकलेलं नसलं तरी. उलटा उतार दाखवायचा असेल तर फक्त मागणी हललेले दिवस शोधा. शुल्काचा निर्णय त्याला चांगला, पण २०२४ चा निर्णय नेमका नवा माल यायच्या तोंडावर पडला. मे २०२५ चा बघा. तेव्हा काढणी नव्हती.

औशाची शेतकरीण:
मे मध्ये आमच्या घरात पोतं नसतंय, सर. ज्यांच्याकडं असतंय त्यांचा उतार तुम्हाला कळंल. आमचा नाही.