उत्तर: निबंधातली लांबलचक वाक्यं तोडताना

«सातवीतली मुलगी स्वल्पविराम देत पानभर एकच वाक्य लिहिते. तोडलं की तिची भाषा जाते. काय करू?»

माझ्याकडच्या एका मुलाचं वाक्य बघा: «आजी पहाटे उठायची, चूल पेटवायची, मला धुराचा वास यायचा, मी गोधडीत तोंड लपवायचो, एकदा घाईत चप्पल घरीच राहिली, सर रागावले, आजी चप्पल घेऊन शाळेत आली.»

मी आधी कर्ता पाहते. «उठायची, पेटवायची» दोन्ही आजीचंच, तिथला स्वल्पविराम राहू द्यावा. «मला» आलं की कर्ता बदलला, तिथे पूर्णविराम. वास आणि गोधडी मात्र मी जोडूनच ठेवली, कारण वास आला म्हणून तोंड लपवलं, आणि ते न सांगताच कळतं. सगळ्यात पक्की जागा «एकदा»च्या आधीची. तिथवर रोजची सवय होती, पुढे एका दिवसाची गोष्ट. क्रियापदच सांगतं: «लपवायचो» आणि मग «राहिली».

शेवटच्या दोन वाक्यांतलं नातं मला कळेना. «पण» मी घातलं असतं तर ते माझं झालं असतं, म्हणून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, «सर ओरडत होते, तेवढ्यात आजी दारात!»

आता त्याच्या वहीत असं आहे: «आजी पहाटे उठायची, चूल पेटवायची. मला धुराचा वास यायचा, मी गोधडीत तोंड लपवायचो. एकदा घाईत चप्पल घरीच राहिली. सर ओरडत होते, तेवढ्यात आजी दारात!»

«उठायची»चं «उठत असे» करू नका. आवाज जातो तो तिथे.