वसतिगृहात उलट्या-जुलाबांची साथ: सॅनिटायझर ठेवूनही ती का थांबत नाही?

अधीक्षिका_माटुंगा: मी माटुंग्यातील मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षिका आहे. सोमवारी रात्री दुसऱ्या मजल्यावरील एका मुलीला खोल्यांसमोरच्या व्हरांड्यात उलटी झाली. मावशींनी ती ओल्या पोछ्याने पुसून फिनाईल टाकले आणि मी मेसच्या दारात सॅनिटायझर ठेवला. तरीही बुधवारी सकाळी त्याच मजल्यावरील सात मुली आजारी पडल्या. डॉक्टरांना नोरोव्हायरसचा संशय असून शौचाचे नमुने तपासणीसाठी गेले आहेत. तोवर काय करावे?

सागर_परळ: सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल कमी असेल, ७० टक्क्यांचा आणावा. टाकीचे पाणीही तपासून घ्यावे.

मीना_ठाणे: माझ्या मुलाच्या शाळेत सहलीनंतर असेच झाले होते. तो अँटिबायोटिकने दोन दिवसांत बरा झाला, तेच सगळ्या मुलींना द्यावे.

सूक्ष्मजीवतज्ज्ञ: मीनाताई, हा विषाणू असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत आपोआप बरे होतात. मुलींना ओआरएस द्यावे. लघवी फार कमी झाली किंवा गुंगी आली तर रुग्णालयात न्यावे.

सागर, पाण्याविषयी आपले म्हणणे योग्य आहे, पण टक्केवारी वाढवून हा प्रश्न सुटत नाही. अल्कोहोल करोनासारख्या विषाणूंचे स्निग्ध आवरण विरघळवते. नोरोव्हायरसला ते आवरणच नसते, असते ते प्रथिनांचे टणक कवच. साबणानेही तो मरतोच असे नाही, मात्र वाहत्या पाण्याखाली निदान २० सेकंद हात चोळले की तो धुऊन जातो. म्हणून मेसच्या दारात बाटलीऐवजी नळ आणि साबण हवा.

उलटीचे सूक्ष्म तुषार दूरवर उडतात आणि संसर्गाला मोजके विषाणूकणही पुरतात, त्यामुळे त्या पोछ्याने विषाणू व्हरांडाभर पसरला असावा. यापुढे हातमोजे व मास्क घालून उलटी आधी कागदाने उचलावी. मग ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे १२५ मिली द्रावण पाण्यात मिसळून एक लिटर करावे आणि ते जागेवर दहा मिनिटे ओले राहू द्यावे. कड्या, नळ आणि फ्लशची बटणे विसरू नयेत. त्यात संडास धुण्याचे ॲसिड मुळीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.

अधीक्षिका_माटुंगा: आभारी आहे. मेसमधील एका मदतनीसालाही काल मळमळत होते, आज ते बरे आहेत. त्यांना कामावर घ्यावे का?

सूक्ष्मजीवतज्ज्ञ: त्रास पूर्ण थांबल्यावर किमान ४८ तास घेऊ नये. त्यानंतरही विषाणू दोन आठवडे किंवा अधिक काळ शौचावाटे बाहेर पडू शकतो, म्हणून हात धुण्यावर लक्ष ठेवावे.

सागर_परळ: मग साथ मेसमधूनच आली नसेल कशावरून?

सूक्ष्मजीवतज्ज्ञ: लागण झाल्यावर लक्षणे १२ ते ४८ तासांत दिसतात. अन्न दूषित असते, तर सर्व मजल्यांवरील मुली जवळजवळ एकाच वेळी आजारी पडल्या असत्या. येथे एकच मजला आणि दीड दिवसाचे अंतर आहे, म्हणून माझा संशय व्हरांड्यावर आहे. पहिल्या मुलीला लागण कुठे झाली, हे मात्र यावरून कळत नाही. तिने रविवारी काय आणि कुठे खाल्ले, हे तिला विचारावे.