तीनशे ओहमचा हेडफोन, फोन आणि वेगळा अ‍ॅम्प

सूरवेध : माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे, तीनशे ओहमचा. फोनला बोटाएवढा यूएसबी-सी डोंगल लावून त्यावर ऐकतो. आवाज पूर्ण वाढवला तरी संथ आलापीची ध्वनिमुद्रणे लांबून आल्यासारखी वाटतात. चित्रपटगीते मात्र पुरेशी मोठी वाजतात. विक्रेता म्हणाला, "तीनशे ओहम म्हटल्यावर वेगळा अ‍ॅम्प हवाच." खरोखर हवा का?

खर्ज : हवाच. ओहम म्हणजे विरोध, आणि विरोध जितका जास्त तितका जोर जास्त लागणार, हे शाळेतल्या विज्ञानाइतके सरळ आहे. मी हाच हेडफोन गेली काही वर्षे व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पवर ऐकतो. फोनवर त्याचा खर्ज विरळ वाटत असे, अ‍ॅम्पवर तो भरला. केवळ आवाज मोठा झाला असे नव्हे, तर हेडफोनची प्रकृतीच बदलली. बत्तीस ओहमचा हेडफोन असता तर फोन पुरला असता. तीनशेला पुरणार नाही.

जोडणी : खर्ज यांच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे, पण ज्या अर्ध्यावर त्यांनी निष्कर्ष काढला आहे तो नेमका उलटा आहे. विरोध जास्त असला की त्याच व्होल्टेजला करंट कमी वाहतो, म्हणजे तीनशे ओहमचा हेडफोन अ‍ॅम्पवर भार टाकत नाही, उलट त्याला फार हलके ठेवतो. त्याला हवे असते ते व्होल्टेज. एचडी ६५० ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पुरवठ्यावर निघणारा आवाज, एका व्होल्टला १०३ डेसिबल आहे. अगदी कडक शिखरांसाठी ११० डेसिबलपर्यंत जायचे म्हटले तरी साधारण सव्वादोन व्होल्ट, साडेसात मिलिअँपिअर आणि सतरा मिलिवॉट पुरतात.

आता हायफायमॅनचा एचई-६ घ्या. तो पन्नास ओहमचा, म्हणजे खर्ज यांच्या हिशेबाने सोपा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबल आहे, त्यामुळे त्याच ११० डेसिबलसाठी सुमारे पावणेपाच व्होल्ट आणि पंचाण्णव मिलिअँपिअर लागतात. वॉटच्या भाषेत जवळजवळ अर्धा वॉट. ओहम एक षष्ठांश, आणि मागणी पंचवीस पटींहून अधिक. फोनच्या डोंगलची दमछाक इथे होते. खोक्यावरचा ओहमचा आकडा एकटा पाहून अ‍ॅम्पचा निर्णय करणे म्हणजे पन्हाळीची रुंदी पाहून टाकीत पाणी किती आहे ते सांगण्यासारखे आहे.

सूरवेध, तुमच्या प्रश्नातच एक खूण आहे. हेडफोन तोच, डोंगल तोच, आणि चित्रपटगीते मोठी वाजतात. म्हणजे कमतरता असलीच तर ती थोडक्या डेसिबलची आहे. तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर पन्नास हर्ट्झचा, पूर्ण पातळीचा शुद्ध स्वर असलेली फाइल फोनवर वाजवा, आवाज पूर्ण ठेवा आणि एसी व्होल्टवर मोजा. हेडफोनची जुनी केबल असेल तर तिच्या साडेतीन मिलिमीटरच्या पिनचे टोक म्हणजे डावी वाहिनी, आणि मागचा भाग म्हणजे सामाईक तार. पन्नास हर्ट्झच घ्या, कारण साधे मीटर वरच्या स्वरांवर फसवे आकडे दाखवतात. आणि मोजताना हेडफोन कानावर नको.

तरंग : माझा अनुभव वेगळा आहे. मी लोकांचे ऐकून अ‍ॅम्प घेतला आणि त्यावर सोळा ओहमचे, कानात बसणारे इअरफोन लावले. संगीत सुरू होण्याआधीच सतत सळसळ ऐकू येते, आणि आवाजाचे बटण नऊच्या खुणेपुढे नेताच येत नाही. फोनला थेट लावले की सळसळ गायब. म्हणून अ‍ॅम्प घेऊ नका, एवढेच सांगतो.

जोडणी : तरंग, तुमची तक्रार खरी आहे, पण ती सूरवेध यांच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. तुमच्या अ‍ॅम्पची स्वतःची सळसळ तेवढीच असते, पण त्या संवेदनशील इअरफोनला ती ऐकू येण्याइतकी मोठी होते. तीनशे ओहमच्या हेडफोनवर तीच सळसळ कदाचित कळणारही नाही. अ‍ॅम्पवर गेन, म्हणजे सिग्नल किती पटींनी वाढवायचा ते, कमी करण्याचा खटका असेल तर तो वापरून पाहा.

नवाश्रोता : माझ्या ब्लूटूथ हेडफोनवर इम्पिडन्स बत्तीस ओहम असा छापला आहे. मग मलाही अ‍ॅम्प लागेल का?

तरंग : नाही. त्याचा अ‍ॅम्प हेडफोनच्या आतच बसवलेला असतो. फोन फक्त माहिती पाठवतो. हा धागा तारेच्या हेडफोनबद्दल आहे.

सूरवेध : मोजले. फोनवर ०.५ व्होल्ट, आणि हेडफोन जोडूनही आकडा हलला नाही. गंमत अशी की तोच डोंगल लॅपटॉपला लावून पूर्ण आवाजावर मोजला तर १ व्होल्ट आला. डोंगल एक, मग आकडे दोन कसे?

जोडणी : आकडा हेडफोनने हलला नाही याचाच अर्थ डोंगल दमलेला नाही, त्याची मर्यादा व्होल्टेजची आहे. आणि दोन आकड्यांचे कारण बहुधा असे : काही डोंगलांच्या आत स्वतःचे आवाजाचे नियंत्रण असते. लॅपटॉप ते पूर्ण उघडतो. काही फोन त्याला हात लावत नाहीत आणि आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमीजास्त करतात, त्यामुळे पडद्यावर शंभर टक्के दिसत असतानाही डोंगल मध्येच कुठेतरी अडकून राहतो. यूएसबी डोंगल थेट हाताळणारे एखादे प्लेयर अ‍ॅप वापरून पुन्हा मोजा.

आता तुमचा हिशेब. अर्ध्या व्होल्टला १०३ मधून सहा वजा, म्हणजे पूर्ण पातळीच्या स्वराला ९७ डेसिबल. संथ आलापीच्या ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी शिखराच्या वीस-बावीस डेसिबल खाली असू शकते, म्हणजे कानावर येतात ७५ च्या आसपास. चित्रपटगीत दाबून घट्ट केलेले असते. त्याची सरासरी शिखराच्या नऊ-दहाच खाली, म्हणजे ८७ च्या आसपास. तुम्हाला जो फरक जाणवतो तो हाच. एक व्होल्ट मिळाला तर आलापी ८१ वर जाईल, दोन व्होल्ट देणाऱ्या डोंगलवर ८७ वर. दोन व्होल्टचे डोंगल मिळतात. त्यासाठी टेबलावरचे खोके लागत नाही.

खर्ज : मग दोन व्होल्टचा डोंगल म्हणजे तरी काय? अ‍ॅम्पच की. त्याला आपण छोटा म्हणतो एवढेच. शिवाय आपण १०३ डेसिबल म्हणता. माझ्या मित्राच्या अडीचशे ओहमच्या बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रोवर ९६ छापले आहे. म्हणजे तो सात डेसिबल हळू, त्याला तर अ‍ॅम्पशिवाय गत्यंतरच नाही.

जोडणी : डोंगलमध्येही अ‍ॅम्प असतो, हे मान्य. "वेगळा" या शब्दाचा अर्थ आपण दोघे निराळा करतो आहोत आणि त्यावर भांडण्यात मला रस नाही. पण ९६ आणि १०३ यांची तुलना अशी करता येत नाही, कारण पहिला आकडा एका मिलिवॉटचा आहे आणि दुसरा एका व्होल्टचा. खोक्यावर मोजमाप छापतात, पण ते कशाच्या तुलनेत आहे ते बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. रूपांतर असे :

```
dB/V = dB/mW + 10 × log10(1000 / Z)
```

Z म्हणजे इम्पिडन्स, खोक्यावरचा ओहमचा आकडा. अडीचशे ओहमला यात सहा मिळवायचे, म्हणजे ९६ चे १०२ होतात. आपल्या मित्राचा हेडफोन सूरवेध यांच्या हेडफोनपेक्षा एका डेसिबलने मागे आहे, सातने नव्हे. फोनसाठी हेडफोन निवडताना मी हा व्होल्टवरचा आकडा आधी काढतो.

मंदस्वर : मला एक वेगळीच शंका आहे. सरासरी ७५ डेसिबल कमी कशी? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला चाळीस तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते. दोन व्होल्टचा डोंगल हातात आला की माणूस ८७ वर ऐकणार, आणि मग तेच कमी वाटू लागणार. खोलीतला पंखा बंद करा, थोडे थांबा, कान सरावू द्या. मी स्वतः अर्ध्या व्होल्टवर समाधानी आहे.

सूरवेध : रात्री तसे ऐकतोही. पण दिवसा घरात तानपुऱ्याची आसच बुडते. आपला मुद्दा पटतो, तरी पूर्ण पटत नाही.

जोडणी : मंदस्वर यांच्याशी माझा वाद नाही, फक्त जादा व्होल्टेज हाताशी असणे आणि ते वापरणे या दोन गोष्टी आहेत. किती हवे हे मोजणीतून ठरत नाही.

राहिला खर्ज यांचा भरलेला खर्ज, आणि तो मी भास म्हणून उडवून लावणार नाही. एक शक्यता अशी की अ‍ॅम्पवर आवाज दोन-तीन डेसिबल मोठा होता. मोठा आवाज कानाला भरीव वाटतो, विशेषतः खालच्या स्वरांत. दुसरी शक्यता अधिक रंजक आहे. या हेडफोनचा इम्पिडन्स नावाला तीनशे ओहम, पण ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या घरात चढतो. व्हॉल्व्हच्या ज्या अ‍ॅम्पमध्ये शेवटी ट्रान्सफॉर्मर नसतो, त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनच्या वाटेवरचा त्याचा आतला विरोध, शंभर ओहम किंवा अधिक असू शकतो. तसे असेल तर तीनशे ओहमच्या पट्ट्यात अडीच डेसिबल गळतात आणि पाचशेच्या उंचवट्यावर दीडच. म्हणजे तेवढ्या भागात सुमारे एक डेसिबल खर्ज उरलेल्यापेक्षा वर येतो. खर्ज यांनी ऐकलेला बदल खरा असेल, पण तो हेडफोनला मिळालेल्या "जोराचा" नव्हे, अ‍ॅम्पने चढवलेल्या रंगाचा. डोंगलचा आउटपुट इम्पिडन्स बहुधा एक-दोन ओहमच असतो, म्हणून तिथे हेडफोन सपाट वाजतो.

खर्ज, आपल्या अ‍ॅम्पवर हे मोजणे सोपे आहे. तोच पन्नास हर्ट्झचा स्वर लावा, काहीही न जोडता व्होल्टेज एक व्होल्ट येईल असे बटण ठेवा, मग तीनशे-तीस ओहमचा रेझिस्टर आडवा लावून पुन्हा वाचा.

खर्ज : आपण सांगितले तसे केले, थोड्या अनिच्छेनेच. रेझिस्टरशिवाय १.०० व्होल्ट, रेझिस्टर लावून ०.७३. म्हणजे आउटपुट इम्पिडन्स सुमारे १२२ ओहम. तर होय, माझा अ‍ॅम्प रंग चढवतो. तरी तो रंग मला आवडतो, आणि दोन्हींची पातळी मीटरवर जुळवून ऐकल्यावरही माझी पसंती बदललेली नाही.

सूरवेध : थेट हाताळणाऱ्या अ‍ॅपवरून फोनवरही ०.९८ व्होल्ट मिळाले. आलापी जवळ आली. दोन व्होल्टच्या डोंगलचा विचार आता महिनाभर बाजूला ठेवला आहे. दिवसा पंखा लावून पुन्हा ऐकतो आणि मग कळवतो.