मदत हवी आहे: जत्रेचं तिखट दुसऱ्या दिवशी खालून का जळतं?

खाजणातला: लाज सोडून विचारतोय, हसू नका. शनिवारी मावशीकडे मालवणात कोंबडी-वडे आणि वर बांगड्याचं तिखलं हाणलं. तोंड जळलं, अर्ध्या तासात शांत. रात्री पोटाला काही नाही. सकाळी सहाला दोनदा पातळ झाली आणि अशी आग की वीस मिनिटं बसवेना, गरम पाण्याने धुतलं तर आणखीच भडका. तोंडातलं गेलं होतं ना, मग परत कुठून आलं?

सुरंगी: पोटातलं अ‍ॅसिड खाली उतरतं रे. आणि मिरचीच्या बिया काढून टाकत जा, तिखट बियांतच असतं.

वेताळबांबर्डेकर: सुरंगीताई, अ‍ॅसिड आतड्यात शिरतानाच बरंचसं मारलं जातं. पण पातळ झाली की पित्तातले आंबट घटक शोषायला वेळ मिळत नाही, तेही जागा चुरचुरवतात, म्हणजे अर्धं बरोबर. तिखट मात्र बियांत नाही, बिया जिला चिकटतात त्या पांढऱ्या शिरेत असतं.

खाजणातल्या, मिरचीतलं कॅप्सेसिन सगळं पचत नाही, उरलेलं खाली जातं. ते मज्जातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ नावाच्या कुलपाला लागतं. हे कुलूप एरवी साधारण ४३ अंशांच्या वर उघडतं, कॅप्सेसिन ते चावीशिवाय उघडतं, मेंदूला वाटतं भाजलं. खरं काही भाजलेलं नसतं. (हे कुलूप १९९७ साली सापडलं, त्यासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल.) आतड्यातही ही कुलपं आहेत, पण तिथल्या नसा जळजळ नेमकी सांगत नाहीत, मुरडा आणि घाई एवढंच कळवतात. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला बाहेरच्या कातडीसारख्या नसा असतात, त्या बोंब मारतात. आणि कॅप्सेसिन लागलेलं असताना कुलूप कमी तापमानालाही उघडतं, म्हणून कोमट पाणीसुद्धा कढत लागलं तुला.

काजूवाली: मला तर तिखट न खाताही होतं, काच फिरल्यासारखं कापतं, नंतर दोन-तीन तास ठणकतं, कागदाला लाल लागतं. मीही मिरची बंद करू का?

वेताळबांबर्डेकर: तुझं वेगळं गं. हे चीर पडल्यासारखं वाटतंय, डॉक्टरला दाखव, नुसतं तिखट बंद करून बसू नको. मिरचीची आग रक्त काढत नाही आणि दिवसभरात विझते.

खाजणातला: रक्त नाही. मग पुढच्या वेळी करू काय?

वेताळबांबर्डेकर: नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही, तेलात विरघळतं. खोबरेल बोटाने लाव, मऊ कापडाने टिप, मग गार पाणी. घासू नको.

सुरंगी: आणि जेवताना सोलकढी, नारळाचं दूध आहेच की त्यात.

वेताळबांबर्डेकर: तोंडाला नक्की. सकाळपर्यंत पुरेल का, त्यावर आमच्या घरात अजून भांडण आहे.

खाजणातला: आमची आजी रोज ठेचा खाते, तिला काहीच नाही!

वेताळबांबर्डेकर: रोज खाणाऱ्याच्या नसा बधिरतात. तू मुंबईहून वर्षातनं एकदा येतोस.