मदत हवी आहे: दप्तरामुळे पोक काढणारी मुलं कशी तपासायची आणि कोणाला कोणता व्यायाम द्यायचा?

पीटी_मास्तर
नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडको भागातल्या एका अनुदानित शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. सहावी ते आठवीची बरीच पोरं पुढे वाकून, मान बाहेर काढून चालतात. पालकसभेत विषय निघाला आणि मुख्याध्यापकांनी तपासणी माझ्या गळ्यात मारली.

गवंड्याकडून ओळंबा आणला, वर्गाच्या चौकटीला टांगला आणि सकाळी शाळेत शिरतानाच एकेकाला शेजारी आडवं उभं करून पाहिलं. निम्म्याहून जास्त पोरांचा कान खांद्याच्या बराच पुढे. एवढ्या सगळ्यांना व्यायाम लावायचा म्हटलं तर तास पुरणार नाहीत. सगळ्यांना एकच व्यायाम चालेल का, की गट पाडावे लागतील? कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं हे मला कसं कळणार?

एक उदाहरण देतो. सातवीतला मुलगा, वजन ३४ किलो. दप्तर काट्यावर ठेवलं तर ५.६ किलो, त्यात एक लिटरची भरलेली बाटली आणि क्लासच्या वह्याही.

योगसाधक
सर, गट वगैरे कशाला पाडता? ताडासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन, रोज परिपाठानंतर दहा मिनिटं. पाठीचे स्नायू बळकट झाले की पोक आपोआप जातं. आणि एका खांद्यावर दप्तर घेणं आधी बंद करा, त्यानेच मणका वाकडा होऊन स्कोलिओसिस होतो. माझ्या वर्गातल्या मुलांना फरक पडलाय.

सईची_आई
चाकांची बॅग घेऊन द्यावी का? सई पाचवीत आहे, शाळा तिसऱ्या मजल्यावर. व्हॅनवाले काका म्हणतात चाकाची बॅग टपावर बसत नाही. कुणी वापरली आहे का? कितीला मिळते?

पीटी_मास्तर
ताई, मी बॅगेबद्दल नाही, तपासणीबद्दल विचारतोय. पण तीन मजले चढायचे असतील तर चाकांचा उपयोग काय, ती उचलूनच न्यावी लागेल ना. आणि चाकांमुळे बॅग रिकामीसुद्धा जड असते.

फिजिओ_गंगापूररोड
मास्तर, पोरं शाळेत शिरतानाच पाहिलीत म्हणजे दप्तर पाठीवर असतानाच ना? मग तुम्ही पोरं नाही, दप्तरं तपासलीत. पाठीवर ओझं आलं की तोल सांभाळायला कोणीही पुढे झुकणारच, आणि समोर बघायचं म्हणून मान पुढे काढून हनुवटी वर करणारच. तो दोष नाही, शरीराने केलेली तडजोड आहे. दप्तर काढून पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे फिरू द्या आणि मग ओळंब्याशेजारी उभं करा. तेव्हाही तसंच दिसलं तर तो मुलगा तुमच्या यादीत.

ओळंबा लावताना दोरा डोक्यापासून जुळवू नका, पायापासून जुळवा. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढे दोरा आला पाहिजे. तिथून वर पाहत जायचं: गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून, मग खुब्याचं हाड, खांद्याचं टोक आणि कानाची पाळी. लंबक हलत राहिला तर खाली पाण्याची बादली ठेवून त्यात बुडवा, लगेच स्थिर होतो. मुलांना "सरळ उभे राहा" म्हणू नका, लगेच छाती काढतात. जागेवर चार पावलं चालायला लावा, थांबवा आणि मग बघा.

तुमच्या ३४ किलोच्या मुलाचं दप्तर वजनाच्या सोळा टक्क्यांच्या वर जातं. राज्य शासनाचा २०१५ चा निर्णय आणि केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण दोन्हींत १० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे त्याच्यासाठी ३.४ किलो. शाळेत प्यायच्या पाण्याची सोय असेल तर बाटली रिकामी आणू दे. तिथेच एक किलो गेला.

योगसाधकजी, एका खांद्यावरची सवय सोडायला लावणं बरोबरच आहे, त्याने मान-खांदा दुखतो. पण स्कोलिओसिस दप्तराने होत नाही. मुलांमध्ये दिसणाऱ्या बहुतेक स्कोलिओसिसचं कारण नेमकं सापडतच नाही, तो वाढीच्या वयात बळावतो. हे मुद्दाम लिहितोय, कारण पालक "बॅग बदलली, आता सरळ होईल" म्हणत वर्ष घालवतात, आणि वाढीचं वर्ष वाया गेलेलं परत मिळत नाही.

पीटी_मास्तर
आलं लक्षात. मग दप्तर काढल्यावरही जे पुढे दिसतील, त्यांचं काय करू?

फिजिओ_गंगापूररोड
त्यांच्याबाबतीत तीन गोष्टी बघायच्या, आणि क्रम महत्त्वाचा.

पहिली, पाठीमागून. अनवाणी, पाय जुळवून, गुडघे ताठ, दोन्ही तळवे एकमेकांना लावून मुलाने हळूहळू पुढे वाकायचं. तुम्ही मागे बसून पाठीच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत का ते बघा. एका बाजूची बरगडी किंवा कंबर उंचवटा करून वर आली, तर बाकावर बसवून पुन्हा वाकायला लावा. बसल्यावर उंचवटा गेला तर बहुधा पायांच्या लांबीत फरक आहे. तसाच राहिला तर व्यायाम द्यायचा नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. मुलींची तपासणी शिक्षिकेनेच करावी आणि पालकांची लेखी संमती आधी घ्या. जाड गणवेशावरून काही दिसत नाही, पातळ टीशर्ट लागतो.

वाकलेलं असतानाच बाजूनेही एक नजर टाका. पाठ सलग गोल दिसली तर ठीक. मध्येच कोन केल्यासारखी टोकदार दिसली आणि पालथं झोपवून छाती उचलायला सांगितल्यावरही तो बाक सरळ झाला नाही, तर तोही डॉक्टरकडे.

दुसरी, "डोक्याला वरून कुणी दोरीने ओढतंय असं उभा राहा" म्हणायचं. मान आणि खांदे जागेवर येतात का? आले तर सांधे मोकळे आहेत. न आले तर उताणं झोपवा, हात बाजूला. खांद्याचा मागचा भाग जमिनीपासून इंचभराहून जास्त उचललेला राहिला तर छातीचे स्नायू आखडलेत.

तिसरी मला सगळ्यात आवडते, मॅथियास चाचणी म्हणतात. तशाच सरळ स्थितीत दोन्ही हात समोर खांद्याच्या उंचीवर धरून ३० सेकंद उभं राहायचं. बाजूने बघत राहा. थकलेला मुलगा हात खाली आणायच्या आधीच खांदे मागे नेतो, पोट पुढे काढतो, कमरेत खळगा पडतो. तो क्षण घड्याळात टिपा.

पीटी_मास्तर
सर, तोच सातवीतला मुलगा आज दप्तराशिवाय पाहिला. कान अजूनही खांद्याच्या साधारण दोन बोटं पुढे. वाकवल्यावर पाठ एका पातळीत. "दोरीने ओढतंय" म्हटल्यावर अगदी छान सरळ झाला. पण हात पुढे धरल्यावर बारा सेकंदांतच पोट पुढे! तोंडाने म्हणतोय "सर, मला काही होत नाहीये", आणि इकडे बनियन वर सरकून बेंबी दिसायला लागली.

दप्तर काढल्यावर यादी मात्र बरीच आटली. तासाला जमेल एवढी.

फिजिओ_गंगापूररोड
उत्तम निरीक्षण. म्हणजे या मुलाला सरळ होता येतं, पण सरळ राहता येत नाही. त्याला छाती ताणायचे व्यायाम देऊन फायदा नाही, तिथे काही आखडलेलंच नाही. त्याला टिकाव हवा. दोनच व्यायाम द्या. एक, पालथं झोपून, कपाळ टेकवलेलं, हात इंग्रजी टी सारखे बाजूला, अंगठे छताकडे. पाठीची पाती एकमेकींकडे ओढत हात जमिनीवरून चार बोटं उचलायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे. दुसरा, गुडघे-हातांवर रांगायच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय एका रेषेत लांब करायचा, मग उलट. कमरेवर पट्टी आडवी ठेवा, पडली तर कंबर डोलतेय असं समजा. दोन्ही दहा-दहा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन-चार दिवस. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा ३० सेकंदांची चाचणी.

ज्यांचे खांदे उताणं झोपल्यावर वर राहिले, त्यांना आधी दाराच्या चौकटीत कोपर टेकवून छाती पुढे नेत ३० सेकंदांचा ताण, तीन वेळा. आठवड्या-दोन आठवड्यांनी मग वरचे व्यायाम.

भुजंगासनाबद्दल: गोल पाठ आणि लवचीक मणका असलेल्याला चालेल. पण ज्याच्या कमरेत आधीच खोल खळगा आहे तो छातीऐवजी कमरेतूनच वाकतो आणि दुखणं ओढवून घेतो. म्हणून सरसकट सगळ्यांना नको.

योगसाधक
नीट शिकवलं तर कमरेतून वाकतच नाहीत. चाळीस मुलांना वेगवेगळं देण्यापेक्षा एकच नीट करून घेणं मला अजूनही जास्त व्यवहार्य वाटतं.

फिजिओ_गंगापूररोड
चाळीस मुलांत प्रत्येकाची कंबर कोण बघणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

नाशिकरोडचा_नाना
मला दोन महिन्यांपासून उजव्या हाताला मुंग्या येतात, लॅपटॉपची बॅग असते. टी सारखे हात मीही करू का? वय ४६.

फिजिओ_गंगापूररोड
नाना, नको. मुंग्या असतील तर आधी मान तपासून घ्या. मास्तर, हेच मुलांनाही लागू: हातात मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, किंवा दप्तर कमी करूनही आठवडे चालणारं दुखणं असेल तर व्यायामाच्या रांगेत उभं करू नका.

पीटी_मास्तर
एक अडचण आहे. आठवीच्या एका मुलीची, आमच्या मॅडमनी वाकवून पाहिलं तेव्हा, उजवी बाजू वर दिसली. बसवूनही तशीच. वडिलांना सांगितलं तर म्हणतात, ती कुशीवर झोपून वाचते म्हणून असेल, परीक्षा झाल्यावर बघू.

फिजिओ_गंगापूररोड
परीक्षेपर्यंत थांबू नका. कुशीवर वाचल्याने बरगडी वर येत नाही. "मणका वाकडा आहे" असं तुम्ही सांगू नका, ते ठरवायला उभ्याने एक्सरे लागतो. "वाढीचं वय आहे, वाक असलाच तर याच काळात वाढतो, म्हणून आत्ताच दाखवा" एवढं सांगा. अनुदानित शाळा आहे, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्याकडे येत असेल, त्यांच्यामार्फत जिल्हा रुग्णालयात पाठवता येईल. पालकांना शाळेपेक्षा त्या चिठ्ठीचं वजन जास्त वाटतं.

पीटी_मास्तर
पथकाच्या डॉक्टरांशी बोलतो. आणखी एक. मुख्याध्यापकांनी सोमवारपासून वेळापत्रकही बदललंय, जड विषय एकाच दिवशी येणार नाहीत. आठ आठवड्यांनी पोरं सुधारली तर व्यायामाने की हलक्या दप्तराने, हे कसं सांगणार?

फिजिओ_गंगापूररोड
३० सेकंदांची चाचणी दप्तराशिवाय होते, त्यामुळे ती वाढली तर व्यायामाचा हात असण्याची शक्यता जास्त. पण हलक्या दप्तराने पोरं कमी थकतात, त्याचाही परिणाम त्यात मिसळेल. दोन्ही एकदम सुरू केलंत तर वेगळं काढता येणार नाही. एका तुकडीला व्यायाम आठ आठवडे उशिरा सुरू करता आला तर काहीतरी दिसेल, बघा मुख्याध्यापक ऐकतात का.

पीटी_मास्तर
ब तुकडीचे पालक भांडतील. विचारून बघतो.