हजेरीची सामायिक शीट: स्वयंसेवकांना सूचनापत्रक द्यायचं की सरळ कुलूप लावायचं?

पंचगंगाकाठ
शिरोळ तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या तळांवर आमचे स्वयंसेवक संध्याकाळी मुलांचे वर्ग घेतात. हजेरी एकाच गूगल शीटमध्ये, प्रत्येक तळाला एक टॅब. B मध्ये नाव, C ते AG महिन्याच्या तारखा, AH मध्ये बेरीज. हजर असेल तर ह, नसेल तर गै. सगळे मोबाईलवरून भरतात आणि बेरजेचं सूत्र सारखं कुणीतरी मोडतं. मी 22 मुद्द्यांचं सूचनापत्रक करून ग्रुपवर टाकलं, ते कुणी वाचत नाही. पत्रक छोटं करू, की ते सोडून कुलूपच लावू?

राजारामपुरीकर
पत्रक सोडा हो. पोरं कॉलेजातून येतात, तळावर जातात, दमून घरी पोचतात. 22 मुद्दे कोण वाचणार? `Data > Protect sheets and ranges` मध्ये जाऊन AH चा रकाना फक्त तुमच्या नावावर ठेवा. तारखांच्या घरात ह आणि गै एवढीच ड्रॉपडाउन यादी द्या. सूत्राला हातच लागत नाही म्हटल्यावर मोडणार कसं? विषय संपला.

सूत्राचा भाऊ
राजारामपुरीकर, निम्मं बरोबर आहे. AH वर कुणी चुकून आकडा टाईप करायचा, ते कुलपानं थांबतं. पण सूत्राला हात न लावताही सूत्र बिघडतं, आणि अशा वेळी कुलूप नुसतं बघत बसतं.

उदाहरण घ्या. 9 व्या ओळीत एक मुलगी, 12 व्या ओळीत तिची बहीण. दहा-पंधरा दिवसांनी ताईंच्या लक्षात येतं की 9 मध्ये भरलेली हजेरी खरं तर 12 वालीची आहे. त्या C9 ते AG9 निवडतात, कट करतात आणि C12 वर पेस्ट करतात. त्यांच्या दृष्टीनं काम नीट झालं. पण कट करून हलवलेल्या घरांच्या मागं सूत्र जातं. AH9 मध्ये आधी हे होतं:

```
=COUNTIF(C9:AG9,"ह")
```

आता हे झालं:

```
=COUNTIF(C12:AG12,"ह")
```

AH ला कुलूप असलं तरी हे होतं, कारण ताईंनी AH ला हात लावलेलाच नाही, त्यांनी स्वतःच्या परवानगीची घरं हलवली. ओळखायची खूण अशी की 9 वी ओळ पूर्ण रिकामी आणि बेरीज मात्र 14. कुठं लाल अक्षरात चूक दिसत नाही, म्हणून महिनाअखेरपर्यंत कळत नाही. लॅपटॉपवर निवडलेल्या घरांची कड धरून ओढलं तरी हाच प्रकार.

म्हणून पत्रक लागतंच. फक्त जे कुलपानं थांबत नाही तेवढंच त्यात लिहायचं. तुमच्या 22 पैकी निम्म्याहून जास्त मुद्दे कुलपाची कामं करत असणार.

निवृत्त मास्तर
आमच्या वेळी मस्टर होतं. लाल शाईनं रेघ मारली की खाडाखोड करायची कुणाची छाती नव्हती. स्वयंसेवक वेळेवर येतात की नाही हे बघायचं असेल तर तळावर एक वही ठेवा आणि येताजाता सही घ्या. मोबाईलवर कुणी घरात बसूनही हजेरी लावेल.

पंचगंगाकाठ
मास्तर, हजेरी मुलांची आहे, स्वयंसेवकांची नाही. वही तळावर असतेच. पण टोळी हलली की वही कुणाच्या तरी पिशवीतून जाते आणि महिन्याचा आकडा आम्हाला मिळत नाही.

निवृत्त मास्तर
बरं, बरं. तरी वहीतलं पान फोटो काढून ठेवत जा. शीट चुकली तर ताळा कशाशी करणार?

तळावरची ताई
मी अशीच एक टॅब भरते म्हणून लिहिते. ही पत्रकं लॅपटॉपवाले लिहितात. "राइट क्लिक करून पेस्ट स्पेशल निवडा" म्हणे. मोबाईलला उजवं बटण कुठलं? घरावर दोनदा टेकवलं की कट, कॉपी, पेस्ट शेजारी शेजारी येतात, आणि सातच्या अंधारात एका हातात पोरगं असताना कट लागतं की कॉपी ते बघायला कुणाला वेळ आहे.

दुसरं, कुलूपवाल्यांना विचारते. नवीन टोळी आली, चार मुलं वर्गात येऊन बसली. नावाचा रकाना कुलपात असेल तर मी त्यांची हजेरी कुठं लावू? समन्वयकांना फोन केला की ते म्हणणार उद्या बघतो. उद्यापर्यंत मूल आणि आकडा दोन्ही गेले. मागं एकीनं मधेच नवीन ओळ घुसवून नावं लिहिली, त्या ओळीला बेरीजच नव्हती. तिचं काय चुकलं?

राजारामपुरीकर
ताई, यासाठी गूगल फॉर्म. नाव निवडा, हजर-गैरहजर निवडा, पाठवा. शीट कुणाला दिसणारच नाही. उत्तरांच्या टॅबवरून बेरीज दुसरीकडं काढायची.

तळावरची ताई
30 मुलांसाठी 30 वेळा फॉर्म?

राजारामपुरीकर
तसं नाही, एकाच फॉर्मात सगळी नावं चौकोनांसकट देता येतात. हजर असतील त्यांच्यावर बरोबरची खूण.

सूत्राचा भाऊ
देता येतात. पण नवीन मूल आलं की फॉर्मात नाव कोण घालणार? ताईंचा प्रश्न तिथंच राहिला. शिवाय फॉर्मात सगळी हजर नावं एकाच घरात स्वल्पविरामानं येतात, ती सुटी करायला आणखी सूत्रं. आणि कुणी चुकून दोनदा पाठवलं तर त्या दिवसाच्या दोन ओळी होतात. यादी ठरलेली असेल तिथं फॉर्म बरा. तळावर यादी रोज बदलते.

नवीन मुलांसाठी उपाय साधा आहे. यादीखाली आधीच 20 रिकाम्या ओळी सोडा आणि त्यांच्या AH मध्ये सूत्र आधीच भरून ठेवा. B मध्ये नाव आलं की बेरीज दिसते, नाहीतर घर कोरं राहतं. या ओळींच्या B ला कुलूप नको, भरलेल्या नावांना हवं. मधे ओळ घुसवायची कुणाला गरजच पडत नाही. कट करण्याचा त्रासही सूत्रातच मारता येतो:

```
=IF(B5="","",COUNTIF(INDIRECT("C"&ROW()&":AG"&ROW()),"ह"))
```

हे 5 व्या ओळीतलं आहे, खाली ओढून घ्या. इथं C आणि AG अवतरणात आहेत, म्हणून हजेरीची घरं कट करून कुठंही नेली तरी सूत्र आपल्याच ओळीकडं बघतं.

राजारामपुरीकर
झालं की मग! INDIRECT घाला, कुलूप लावा, पत्रक फाडून टाका. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

सूत्राचा भाऊ
नाही हो. त्यानं सूत्र वाचतं, नोंद वाचत नाही. 9 मधलं 12 वर पेस्ट केलं तर 12 मध्ये आधी जे होतं ते गेलंच. आणि कुणी मधे एखादा रकाना घुसवला की शेवटची तारीख AH वर जाते, सूत्र मात्र AG लाच थांबतं. 31 तारखेची हजेरी गुपचूप गळते.

ड्रॉपडाउनचंही तसंच. दुसऱ्या टॅबमधलं घर कॉपी करून इथं चिकटवलं की त्याच्याबरोबर तिथला नियमही येतो आणि इथला जातो. मग कुणी "हजर" पूर्ण लिहितं, कुणाच्या कीबोर्डानं "ह" नंतर एक जागा सोडलेली असते. डोळ्याला सारखंच दिसतं, पण COUNTIF त्यातलं एकही मोजत नाही. हे पकडायला प्रत्येक तारखेच्या वर, 3 ऱ्या ओळीत, हे ठेवा:

```
=COUNTA(C5:C60)-COUNTIF(C5:C60,"ह")-COUNTIF(C5:C60,"गै")
```

उत्तर 0 यायला हवं. 2 आलं तर त्या दिवशी दोन घरांत ह किंवा गै सोडून काहीतरी तिसरंच आहे. इथं साधे संदर्भ असल्यामुळे महिन्यातून एकदा हे सूत्रही नजरेखालून घाला.

आता पत्रक. ताई म्हणाल्या तसं, मोबाईलवरचंच लिहायचं. मी असं लिहीन, आणि ते ग्रुपवर न टाकता प्रत्येक टॅबच्या पहिल्या ओळीत ठेवीन:

१. आधी आजच्या तारखेचा रकाना शोधा, मग पहिल्या नावापासून खाली या.
२. घरावर टेकवा आणि यादीतून ह किंवा गै निवडा. टाईप करू नका.
३. चुकीच्या ओळीत भरलं? तिथंच पुसा आणि बरोबर ओळीत पुन्हा निवडा. कट आणि कॉपी वापरू नका.
४. नवीन मूल आलं? यादीखालच्या पहिल्या कोऱ्या ओळीत नाव लिहा. ओळ किंवा रकाना वाढवू नका.
५. वर 0 च्या जागी दुसरं काही दिसलं आणि आपली चूक सापडली नाही तर स्क्रीनशॉट काढून समन्वयकांना पाठवा. जुनी आवृत्ती परत आणू नका.

तळावरची ताई
शेवटचं का? आमच्यात एकजण लगेच जुनी आवृत्ती आणतो आणि सगळं ठीक झालं म्हणतो.

सूत्राचा भाऊ
त्याच्या टॅबपुरतं ठीक होतं. पण Version history मधून Restore केलं की पूर्ण फाईल मागं जाते, फक्त त्याची टॅब नाही. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या तळावर भरलेली हजेरी दिसेनाशी होते. समन्वयकाला ती परत आणता येते, पण ती गेली हे आधी कळायला तर हवं. त्यापेक्षा जुन्या आवृत्तीची वेगळी प्रत काढायची आणि तिच्यातून हवं तेवढंच बघून इथं भरायचं.

तळावरची ताई
पत्रकातला तिसरा मुद्दा पटला नाही. पूर्ण महिन्याची ओळ चुकली असेल तर वीस घरं एकेक करून पुसायची आणि वीस भरायची?

सूत्राचा भाऊ
एवढी मोठी चूक असेल तर समन्वयकाला कळवा, तो लॅपटॉपवरून करेल.

तळावरची ताई
म्हणजे परत फोन आणि परत "उद्या बघतो". INDIRECT घातल्यावर सूत्र हलत नाही म्हणालात ना? मग कट करू द्या की. पेस्ट करायची ओळ कोरी आहे एवढं बघायला सांगा.

राजारामपुरीकर
ताईंचं बरोबर आहे. उलट मी म्हणेन, दोन दिवसांपेक्षा जुन्या तारखांना कुलूपच लावा. महिन्याच्या चुका साठतीलच कशाला?

तळावरची ताई
आणि रविवारी तळावर रेंज नसली, हजेरी वहीत घेतली आणि बुधवारी भरायची असली तर?

पंचगंगाकाठ
पत्रकाचे पाच मुद्दे, AH चं कुलूप आणि 3 ऱ्या ओळीतला ताळा आजच करतो. पत्रकातल्या तिसऱ्या मुद्द्याचं आणि जुन्या तारखांचं शनिवारच्या बैठकीत काढतो. ताई, तुमच्या टॅबवर आधी करून बघू का? रिकाम्या ओळी 20 पुरतील का, तेही सांगा.

तळावरची ताई
करा. 20 कमी पडतील, दोन टोळ्या एकदम उतरतात कधीकधी. 40 ठेवा, आणि ताळ्याचं C60 पण वाढवा मग.