मदत हवी आहे: मध्यमगतीला स्टंपजवळ कीपिंग कशी सुधारावी?

नमस्कार मंडळी, माझी १३ वर्षांची भाची नाशिकला गोल्फ क्लब मैदानावर कीपिंगचा सराव करते. फिरकीला ती मस्त बसते: डावा पाय मधल्या-ऑफ स्टंपच्या रेषेत, वजन पंज्यांवर, ग्लोव्ह्ज उघडे, बोटं जमिनीकडे.

अडतंय ते मध्यमगती गोलंदाजीला. मागे उभी राहिली की चेंडू दुसरा टप्पा घेऊन घोट्याशी येतो. म्हणून तिला स्टंपजवळ आणलं, कारण मधल्या अंतरावर ना झेल मिळतो, ना स्टंपिंग. पण आता चेंडू टप्पा पडायच्या आतच ती उठते. ग्लोव्ह्ज कमरेपर्यंत येतात आणि खाली राहिलेला चेंडू पायांमधून निघून जातो. उसळीबरोबरच उठ, हे सांगून झालं. कळतं, पण फलंदाजाने बॅट फिरवली की विसरते. घाईत ग्लोव्ह्ज स्टंपच्या पुढेही जातात, मग पंच नोबॉल देतात.

बॅट समोर फिरत असताना खाली थांबायची सवय कशी लावलीत? टेनिस बॉलने, एकच स्टंप लावून सराव करावा का? लेग साइडचे चेंडू मी तूर्त बाजूला ठेवलेत, ते बरोबर आहे ना? स्वतः कीपिंग केलेल्यांनी जरूर सांगा.